फरक १.७ च्या वर, तरी बंध आयनिक नाही: विद्युतऋणतेचं गणित कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

विद्युतऋणता म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची ताकद. दोन अणूंच्या विद्युतऋणतेतला फरक काढून बंध ओळखण्याच्या उदाहरणांत एकच अडचण पुन्हा पुन्हा येते. वजाबाकी बरोबर असते, फरक १.७ च्या वर गेला की बंध आयनिक, नाहीतर सहसंयुज, हा नियमही तोंडपाठ असतो, आणि उत्तर प्रत्यक्ष पदार्थाशी जुळत नाही. अशा वह्या मी वर्षानुवर्षं तपासतो आहे. दोष बहुतेक वेळा ठरावीक जागीच सापडतो, म्हणून ज्या क्रमाने मी तो शोधतो तोच क्रम इथे देतो. सोप्यापासून सुरुवात करा. दोष सापडला की पुढच्या पायऱ्यांची गरज उरत नाही.

लक्षणं

- फरक १.७ पेक्षा जास्त आला, पण पदार्थ खोलीच्या तापमानाला वायू किंवा सहज उडून जाणारा द्रव आहे. उदाहरणार्थ HF, BF₃, SiF₄.
- फरक १.७ पेक्षा बराच कमी आला, पण पदार्थ वितळवल्यावर वीज वाहून नेतो. उदाहरणार्थ LiH.
- सगळे अणू अधातूंचे आहेत, तरी पदार्थ मिठासारखा वागतो. उदाहरणार्थ NH₄Cl.
- त्याच दोन मूलद्रव्यांची दोन संयुगं, फरक अर्थातच तोच, पण एक कठीण घन आणि दुसरं तेलकट द्रव.
- एकाच उदाहरणाचं उत्तर दोन पुस्तकांत वेगळं.

तपासणी १: आकडे कुठून आले?

याला दोन मिनिटं लागतात, म्हणून हे आधी. विद्युतऋणता थेट मोजता येत नाही. ती दुसऱ्या मोजमापांवरून काढतात, आणि ती काढण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. शाळा-कॉलेजात वापरतो ती मोजपट्टी लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये बंधांच्या ऊर्जेवरून मांडली. मलिकन यांची पद्धत वेगळी आहे, ऑलरेड आणि रोचो यांची आणखी वेगळी. १.७ ची सीमा पॉलिंग यांच्या आकड्यांसाठी आहे. एका अणूचा आकडा एका तक्त्यातून आणि दुसऱ्याचा भलत्याच तक्त्यातून घेतला, तर वजाबाकीला काही अर्थच राहत नाही.

जुन्या पुस्तकांत हेच आकडे एका दशांशापर्यंत छापलेले असतात. फ्लुओरीन ४.०, हायड्रोजन २.१, क्लोरीन ३.०. आजच्या तक्त्यांत ते ३.९८, २.२० आणि ३.१६ आहेत. HF चा फरक जुन्या आकड्यांनी १.९ येतो, नव्या आकड्यांनी १.७८. हा बदल लहान आहे, पण उदाहरण सीमेजवळचं असेल तर निकाल फिरवायला तेवढा पुरतो. दोन पुस्तकांची उत्तरं जुळत नसतील, तर आधी हे पाहा.

याच पायरीवर आणखी एक चूक पकडली जाते. MgCl₂ मध्ये क्लोरीन दोन आहेत म्हणून फरकाला दोनने गुणलेलं मी अनेकदा पाहतो. फरक नेहमी एका जोडीचा घ्यायचा: ३.१६ उणे १.३१, म्हणजे १.८५. बंध किती आहेत याने एका बंधाचा स्वभाव मोजला जात नाही.

तपासणी २: तक्ता नसताना अंदाज कशावर बांधला?

परीक्षेत आकडे दिलेले नसले, तर आपण आवर्तसारणीतल्या जागेवरून अंदाज करतो. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकावरचा धनप्रभार वाढतो, पण इलेक्ट्रॉन त्याच कवचात भरत जातात. त्यामुळे बाहेरचे इलेक्ट्रॉन अधिक घट्ट ओढले जातात आणि विद्युतऋणता वाढते. गणात खाली जाताना नवी कवचं येतात, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातात, आतले इलेक्ट्रॉन मध्ये आड येतात, आणि विद्युतऋणता घटते. म्हणून वर उजवीकडचा फ्लुओरीन सगळ्यांत पुढे ३.९८ वर, आणि खाली डावीकडचा सीझियम ०.७९ वर.

हा कल भरवशाचा आहे, पण दोन ठिकाणी तो हमखास फसवतो. पहिलं ठिकाण हायड्रोजन. तो लिथियमच्या डोक्यावर बसवलेला असतो, म्हणून त्याचा आकडाही लिथियमच्या आसपास असेल असं गृहीत धरलं जातं. लिथियम ०.९८ आहे आणि हायड्रोजन २.२०. विद्युतऋणतेच्या हिशेबात हायड्रोजनची जागा बोरॉन (२.०४) आणि कार्बन (२.५५) यांच्या मध्ये आहे. हे एकदा पक्कं झालं की NaH मध्ये इलेक्ट्रॉन हायड्रोजनकडे जातो आणि HCl मध्ये क्लोरीनकडे, यात विसंगती वाटत नाही.

दुसरं ठिकाण गॅलियम. तो अॅल्युमिनियमच्या खाली आहे, म्हणजे त्याची विद्युतऋणता कमी असायला हवी. प्रत्यक्षात ती जास्त आहे: अॅल्युमिनियम १.६१, गॅलियम १.८१. दोघांच्या मध्ये संक्रामक मूलद्रव्यांची पहिली ओळ येऊन जाते. तिथे भरलेले d इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट झाकत नाहीत, त्यामुळे गॅलियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना अपेक्षेपेक्षा जास्त ओढ जाणवते. जर्मेनियम (२.०१) सिलिकॉनपेक्षा (१.९०) वर असतो तेही याच कारणाने.

तपासणी ३: वजाबाकी योग्य जोडीची केली का?

NH₄Cl चं लक्षण इथे सुटतं. नायट्रोजन ३.०४, क्लोरीन ३.१६, फरक ०.१२, म्हणून सहसंयुज, असं उत्तर येतं. पण या पदार्थात नायट्रोजन आणि क्लोरीन एकमेकांना जोडलेलेच नाहीत. नायट्रोजनला चार हायड्रोजन जोडलेले आहेत, तिथला फरक ०.८४ आहे आणि तो बंध ध्रुवीय सहसंयुज आहे. तो सगळा NH₄⁺ गट एक आयन म्हणून Cl⁻ शेजारी बसतो. म्हणजे एकाच पदार्थात दोन प्रकारचे बंध आहेत, आणि ‘हा पदार्थ आयनिक की सहसंयुज’ या प्रश्नाला एका वजाबाकीत उत्तर मिळणार नाही. NaNO₃, CaCO₃, Na₂SO₄ यांचंही तसंच: गटाच्या आत सहसंयुज, गट आणि धातू यांच्यात आयनिक. तीन किंवा अधिक मूलद्रव्यं दिसली की आधी रचना काढा, कोण कोणाला जोडलंय ते पाहा, मगच आकड्यांना हात लावा.

तपासणी ४: दोघांची सरासरी काढा

इथवर सगळं बरोबर असूनही उत्तर जुळत नसेल, तर दोष तुमच्या हातात नाही, नियमात आहे. माझ्या मते ही पायरी पहिल्याच दिवशी शिकवायला हवी. तिला गणित फक्त एका बेरजेचं लागतं.

आधी १.७ येतो कुठून ते पाहू. पॉलिंग यांनी फरकावरून बंधाचं आयनिकपण टक्क्यांत काढायचं एक अंदाजी सूत्र दिलं:

```
आयनिकपण (%) = 100 × (1 − e^(−Δ²/4))
Δ = दोन अणूंच्या विद्युतऋणतेतला फरक
```

Δ च्या जागी १.७ घातला की उत्तर ५१ टक्के येतं. सीमेचा उगम एवढाच आहे: निम्म्याच्या किंचित पलीकडे गेलं की आयनिक म्हणायचं. निसर्गात १.६९ आणि १.७१ यांच्या मध्ये काहीही उडी होत नाही. टोकाच्या CsF चा फरक ३.१९ आहे, आणि त्यालाही हे सूत्र सुमारे ९२ टक्केच देतं. शंभर टक्के आयनिक बंध या हिशेबात कुठेच सापडत नाही.

आता दोन पदार्थ शेजारी ठेवू. HF चा फरक १.७८. NaI चा फरक २.६६ उणे ०.९३, म्हणजे १.७३. दोन्ही सीमेच्या जेमतेम वर, आणि HF किंचित पुढेच. नियमाप्रमाणे दोन्ही आयनिक. प्रत्यक्षात HF सुमारे १९.५ अंश सेल्सिअसला उकळतो. NaI हा मिठासारखा स्फटिक आहे आणि वितळायला त्याला ६६१ अंश लागतात. फरक जवळजवळ सारखा असताना एवढी तफावत कशी?

सरासरी काढा. HF साठी २.२० आणि ३.९८ यांची सरासरी ३.०९. NaI साठी ०.९३ आणि २.६६ यांची सरासरी जवळपास १.८०. रस्सीखेचीत एक बाजू किती वरचढ आहे हे फरक सांगतो. दोघं मिळून दोरी किती घट्ट धरून आहेत हे सरासरी सांगते. HF मध्ये फ्लुओरीन जोरदार ओढतो, पण हायड्रोजनही आपला इलेक्ट्रॉन सहजासहजी सोडत नाही. इलेक्ट्रॉनांची जोडी फ्लुओरीनकडे बरीच झुकते, तरी दोघांच्या मध्येच राहते. NaI मध्ये आयोडीनची ओढ मध्यम आहे, पण सोडियमची पकड इतकी सैल आहे की इलेक्ट्रॉन जवळजवळ पूर्ण निघून जातो.

मोजमापही हेच दाखवतं. HF रेणूच्या दोन टोकांवर पूर्ण एक-एक प्रभार असता, तर त्याच्या ०.९१७ अँगस्ट्रॉम लांबीसाठी द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे प्रभार आणि अंतर यांचा गुणाकार, सुमारे ४.४ डिबाय आलं असतं. मोजलेलं आहे सुमारे १.८. म्हणजे आयनिकपण ४१ टक्क्यांच्या आसपास, तर सूत्र मात्र ५५ सांगतं. सरासरी जास्त असली की फक्त फरकावर बेतलेलं सूत्र किती पुढे जातं, ते इथे दिसतं.

पहिल्या दोन लक्षणांचा उलगडा आता एकत्रच होतो. BF₃ चा फरक १.९४, MgCl₂ पेक्षाही जास्त. पण BF₃ ची सरासरी ३.०१ आहे, आणि तो उणे १०० अंशांच्या सुमाराला उकळणारा, सुट्या रेणूंचा वायू आहे. MgCl₂ ची सरासरी २.२४, आणि तो ७१४ अंशांना वितळणारा आयनिक घन आहे. दुसऱ्या बाजूला LiH चा फरक १.२२ आणि सरासरी १.५९. कार्बन-फ्लुओरीन बंधाचा फरक १.४३, म्हणजे LiH पेक्षा जास्त, पण सरासरी ३.२७. LiH आयनिक घन, CF₄ वायू. वितळलेल्या LiH मधून वीज सोडली की हायड्रोजन धनाग्रावर बाहेर पडतो, म्हणजे तो तिथे H⁻ या रूपात होता.

सरासरी जितकी जास्त, तितका बंध आयनिक व्हायला फरकही जास्त लागतो. आणि दोघांचीही विद्युतऋणता कमी असून फरकही कमी असेल, तर बंध आयनिकही नाही, सहसंयुजही नाही. तो धात्विक असतो. सोडियम-सोडियम फरक शून्य आहे म्हणून सोडियमचा तुकडा सहसंयुज ठरत नाही. फरक एका अक्षावर आणि सरासरी दुसऱ्या अक्षावर घेऊन पदार्थ मांडले की एक त्रिकोण तयार होतो: एका कोपऱ्यात धातू, एकात सहसंयुज, वरच्या टोकाला आयनिक. त्याला व्हॅन आर्केल-केटेलार त्रिकोण म्हणतात. स्वतःच्या वहीत दहा-बारा पदार्थ त्यावर मांडून पाहा, १.७ ची आडवी रेघ कुठे चुकते ते नजरेला दिसतं.

तपासणी ५: गुणधर्मांच्या नोंदीशी पडताळा

आता तयार तक्त्यांतले गुणधर्म बघायचे. द्रवणांक उपयोगी आहे, पण एकटा पुरेसा नाही. क्वार्ट्‌झ, म्हणजे SiO₂, १७०० अंशांच्या आसपास वितळतो. तो मिठासारखा आयनांचा स्फटिक म्हणून नव्हे, तर सगळ्या स्फटिकभर पसरलेल्या ध्रुवीय सहसंयुज बंधांच्या जाळ्यामुळे. म्हणून उलट दिशेने वाचा: द्रवणांक फारच कमी असेल तर सुटे रेणू आहेत हे जवळपास नक्की, जास्त असेल तर प्रश्न अजून उघडा आहे.

खरा निवाडा वितळलेल्या अवस्थेतली वाहकता करते. आयन मोकळे झाले तर वीज वाहते. पाण्यातल्या द्रावणाची वाहकता मात्र पुरावा म्हणून घेऊ नका. HCl हा सहसंयुज रेणू आहे, पण पाण्यात शिरताच तो पाण्याशी अभिक्रिया करून आयन तयार करतो आणि द्रावण उत्तम वाहक होतं. द्रावणावरून HCl ला आयनिक ठरवणं ही या पायरीवरची नेहमीची चूक आहे.

हे सगळं नोंदींवरूनच करायचं. HF मांसात खोलवर भाजतो आणि शरीरातलं कॅल्शिअम बांधून टाकतो, LiH पाण्याला लागताच हायड्रोजन सोडतो. पडताळणीसाठी यांतलं काहीही हाताळायचं नाही.

तपासणी ६: ऑक्सिडेशन अवस्था किती आहे?

चौथं लक्षण इथे सुटतं, आणि ही सगळ्यांत अवघड पायरी आहे. मँगनीज १.५५, ऑक्सिजन ३.४४, फरक १.८९. हा फरक MnO चाही आणि Mn₂O₇ चाही. MnO ची रचना मिठासारखी आहे आणि तो १७०० अंशांच्या वर वितळतो. Mn₂O₇ हा गडद हिरवा, तेलकट, स्फोटक द्रव आहे. फरक तोच आणि सरासरीही तीच, त्यामुळे चौथी तपासणी इथे हात टेकते.

कारण असं की तक्त्यातला एकच आकडा त्या मूलद्रव्याच्या सगळ्या अवस्थांना लागू होत नाही. MnO मध्ये मँगनीज +२ आहे, Mn₂O₇ मध्ये +७. सात इलेक्ट्रॉन काढून घेतलेला एवढासा अणू आयन म्हणून स्वस्थ बसू शकत नाही. तो शेजारच्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो आणि बंध सहसंयुज होतो. कासिमिर फायान्स यांचा नियम हाच आहे: धन आयन जितका लहान आणि त्याच्यावरचा प्रभार जितका जास्त, तितका तो ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन मेघ वाकवतो. SnCl₂ घन आहे आणि SnCl₄ सुमारे ११४ अंशांना उकळणारा द्रव, त्याचंही कारण तेच. TiCl₄ सुद्धा द्रवच. धातूची अवस्था +४ किंवा त्याहून वर दिसली, की फरकावर विसंबून उत्तर लिहू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

AlCl₃ घ्या. फरक १.५५, सरासरी २.३९. घन स्फटिकात प्रत्येक अॅल्युमिनियमभोवती सहा क्लोरीन आहेत आणि रचना थरांची आहे. सुमारे १९२ अंशांना तो वितळतो तेव्हा ती रचना मोडते आणि Al₂Cl₆ असे जोड-रेणू तयार होतात. म्हणून वितळल्यावर तो विजेचा फार वाईट वाहक असतो. ‘बंध कोणता’ याचं उत्तर इथे पदार्थाच्या अवस्थेबरोबर बदलतं. अशा पदार्थाबद्दल विद्युतऋणतेच्या तक्त्याला विचारण्यासारखं काही उरलेलं नसतं.

गृहपाठाचं किंवा परीक्षेचं उदाहरण असेल, तर पाचव्या तपासणीनंतर थांबा आणि शिक्षकांना एकच नेमका प्रश्न विचारा: उत्तर १.७ च्या नियमाने अपेक्षित आहे की पदार्थाच्या गुणधर्मांवरून? HF सारख्या उदाहरणात दोन्ही उत्तरं वेगळी येतात, आणि प्रश्नपत्रिकेला कोणतं हवं आहे हे आकडेमोडीतून कळत नाही. ते विचारणं शक्य नसेल, तर फरक लिहा, नियमाप्रमाणे निष्कर्ष लिहा, आणि पदार्थ प्रत्यक्षात रेणूंचा असल्याचं एका ओळीत नोंदवा.

प्रकल्प, संशोधन किंवा उत्पादनासाठी उत्तर हवं असेल आणि पदार्थ संक्रामक धातूंचा, अर्धवाहक, किंवा फरक साधारण १.४ ते २.१ या पट्ट्यातला असेल, तर कागदावरचा हिशेब इथे संपतो. क्ष-किरण विवर्तनाने अणू कुठे बसले आहेत आणि इलेक्ट्रॉनांची घनता कशी पसरली आहे हे मोजणारे स्फटिकशास्त्रज्ञ आहेत, आणि तीच घनता संगणकावर काढणारे सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्याकडे जाताना सूत्र, ऑक्सिडेशन अवस्था, तापमान, पदार्थ घन की द्रव, आणि तुम्ही काढलेला फरक व सरासरी एवढं सोबत न्या.